४०६० च्या क्यू १४ वर २ हर्ट्झ मिळतात, पण पुढचा टी फ्लिप-फ्लॉप ढिम्म हलत नाही

सोल्डरगंध (अकोला):

मंडळी, भिंतीवर लावायला सेकंदाचा ठोका देणारं छोटं सर्किट करतोय. घड्याळात असतो तो नळकांडीसारखा ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल सीडी ४०६० ला लावला. ४०६० च्या शेवटच्या पायरीचा, म्हणजे क्यू १४ चा सिग्नल पिन ३ वर येतो. तो पुढे सीडी ४०१३ च्या पिन ३ ला क्लॉक म्हणून दिला. ४०१३ मध्ये क्यूबारची पिन २ डी च्या पिन ५ ला परत जोडली आहे, म्हणजे त्याने टी फ्लिप-फ्लॉपसारखं वागायला हवं. सप्लाय ५ व्होल्ट, मोबाईल चार्जरमधून. सगळं ब्रेडबोर्डवर.

४०६० च्या पिन ३ वर लाल एलईडी आहे. तो झकास लुकलुकतो, सेकंदाला दोनदा. ४०१३ च्या पिन १ वरचा हिरवा एलईडी मात्र पेटला तर पेटलेलाच, विझला तर विझलेलाच. ब्रेडबोर्डची वायर हलवली की कधीतरी बदलतो. नवीन ४०१३ टाकून पाहिला, तेच.

जाता जाता दुसरा प्रश्न. ३२७६८ चे १ करायला पंधरा वेळा निम्मे करावे लागतात. मग ४०६० बनवणाऱ्यांनी चौदाच पायऱ्या का दिल्या? एक जास्त दिली असती तर काय बिघडलं असतं?

अर्धा_अँपियर:

४०१३ चे सेट आणि रीसेट हवेत लटकत असतील, बघ. सीमॉसच्या इनपुटला हवेत सोडायचं नसतं, ते काहीही पकडतं. वायर हलवल्यावर बदलतो म्हणतोस ना, तिथेच गोम आहे.

आणि मुळात हे डिझाइनच मला पटत नाही. ४०६० हा रिपल काउंटर आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची वाट बघते. असे चौदा उशीर साचत गेले की तुझा सेकंद लांबणार आणि घड्याळ मागे पडत जाणार. त्यापेक्षा एखादा मायक्रोकंट्रोलर घे आणि मोकळा हो.

सोल्डरगंध:

सेट पिन ६, रीसेट पिन ४, दोन्ही ग्राउंडला आहेत. मीटरने कंटिन्युटी पाहिली. न वापरलेल्या अर्ध्या भागाच्या ८, ९, १०, ११ या पिनासुद्धा ग्राउंडला. मायक्रोकंट्रोलर येतो हो, पण मला हेच चालवून बघायचंय.

जुना_रेडिओवाला:

दोन गोष्टी सांग. लाल एलईडीला रेझिस्टर कितीचा लावलायस? आणि तो पेटलेला असताना पिन ३ वर नेमके किती व्होल्ट येतात? २ हर्ट्झला मीटरचे आकडे नाचतात, म्हणून मीटरवर मॅक्स चं बटण असेल तर ते दाबून पाच-दहा सेकंद धर आणि सगळ्यात मोठा आकडा सांग.

सोल्डरगंध:

रेझिस्टर १०० ओहम. मॅक्स वर २.१ व्होल्ट दाखवतंय. पण एलईडी तर छान उजेड देतोय काका.

जुना_रेडिओवाला:

एलईडी उजेड देतोय म्हणजे सिग्नल ठीक आहे, असं नसतं. इथे तर एलईडीच सिग्नल खातोय.

५ व्होल्टवर ४००० मालिकेच्या पायातून फार करंट निघत नाही. एखादा मिलिअँपियर घेतलास तर पाय ४.६ च्या आसपास टिकतो. तू १०० ओहम लावून त्याच्याकडून तीनेक मिलिअँपियर ओढतोयस. लाल एलईडीवर १.८ व्होल्ट आणि १०० ओहमवर उरलेले ०.३, मिळून तुझे २.१. आयसीच्या आतला ट्रान्झिस्टर बाकीचे जवळजवळ ३ व्होल्ट स्वतःवर झेलतोय.

आता ४०१३ च्या बाजूने बघ. ५ व्होल्टच्या सप्लायवर त्याला ‘एक’ म्हणून ३.५ किंवा जास्त हवेत, ‘शून्य’ म्हणून १.५ किंवा कमी. तुझे २.१ मधल्या पट्ट्यात येतात. तिथे तो काय समजेल याची हमी कोणी देत नाही. बहुतेक वेळा त्याला क्लॉक वर गेलाय हेच कळत नाही. वायर हलवल्यावर जरासा खडखडाट झाला की तेवढ्यात एखादा एज मिळून जातो, म्हणून तो मध्येच बदलतो.

तुला वाटेल, मग ४०६० स्वतः कसा मोजतोय? त्याचे आउटपुट बफर करून बाहेर काढलेत. बाहेर तू काहीही ओढलंस तरी आतली साखळी सुखरूप राहते. मार पडतो तो त्या पायावर जो दुसरा बसलाय त्याला.

लाल एलईडी उपटून बघ. पाहिजेच असेल तर मध्ये बीसी ५४७ घाल, बेसला १० के, कलेक्टरला एलईडी आणि ४७०. मग पायावर अर्धा मिलिअँपियरसुद्धा पडत नाही.

कॉइलवाला:

नमस्कार. मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. धाग्यात फ्रिक्वेन्सी निम्मी करायचं चाललंय म्हणून विचारतो. लाइनचे ५० हर्ट्झ याने २५ केले तर एक एचपीची मोटार निम्म्या वेगाने फिरेल का? व्हीएफडी महाग पडतो.

जुना_रेडिओवाला:

नाही दादा. इथे निम्मा होतो तो फक्त सिग्नल, ५ व्होल्ट आणि एखाद्या मिलिअँपियरचा. मोटारीला २५ हर्ट्झची ताकद लागते, आणि ती द्यायची तर लाइन आधी डीसी करून पुन्हा कापावी लागते. तेच काम व्हीएफडी करतो. शिवाय २५ हर्ट्झला व्होल्टेजही निम्मं करावं लागतं, नाहीतर गाभा सॅच्युरेट होऊन वाइंडिंग जळतं. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

कॉइलवाला:

बरं बरं. जळलेल्या तर रोज येतात.

सोल्डरगंध:

लाल एलईडी काढला आणि हिरवा लगेच लुकलुकायला लागला! ट्रान्झिस्टर घालून लालही परत लावला, आता दोन्ही चालू. पिन ३ वर मॅक्स ४.९ दाखवतंय.

पण एक शंका. हिरवा अर्धा सेकंद पेटतो, अर्धा सेकंद विझतो. म्हणजे सेकंदात दोनदा बदलतो. मग याला १ हर्ट्झ म्हणायचं की २?

मनीषा_ईटीसी:

१ हर्ट्झच. पेटणं आणि विझणं मिळून एक फेरी, आणि ती फेरी एका सेकंदाला पुरी होते. लॅबमध्ये दर वर्षी निम्म्या बॅचेस इथे अडखळतात, त्यामुळे ही शंका अगदी रास्त आहे.

टी फ्लिप-फ्लॉप निम्मं करतो ते याच कारणाने. तो क्लॉकच्या प्रत्येक हालचालीला दाद देत नाही. ४०१३ फक्त खालून वर जाणाऱ्या एजला उलटतो, वरून खाली येताना ढुंकूनही बघत नाही. इनपुटच्या एका फेरीत वर जाणारा एज एकच, म्हणून आउटपुट एका फेरीत एकदाच उलटतो. आणि आउटपुटची स्वतःची फेरी पुरी व्हायला त्याला दोनदा उलटावं लागतं. झाल्या इनपुटच्या दोन फेऱ्या. खाली दोन पायऱ्या मांडून दाखवते, दोन्ही ४०१३ च्या, पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या क्लॉकला:

```
क्लॉक     0 1 0 1 0 1 0 1
पहिला क्यू  0 1 1 0 0 1 1 0
दुसरा क्यू  0 1 1 1 1 0 0 0
```

दुसऱ्या ओळीत वर जाणारे एज दोनच आहेत, आणि तिसरी ओळ फक्त त्या दोन ठिकाणी उलटलेली दिसेल. दुसऱ्या पायरीला मूळ क्लॉकची खबरच नाही, तिला आधीची पायरी जे देईल तेच. निम्म्याचं निम्मं म्हणून चौथाई, तिसरी लावली तर आठवा भाग. पोरं ‘तीन पायऱ्या म्हणजे भागिले सहा’ लिहून मोकळी होतात. इथे बेरीज होत नाही, दर पायरीला दोनने गुणायचं. चौदा पायऱ्यांना १६३८४, म्हणून तुमच्या क्यू १४ वर बरोबर २ हर्ट्झ.

आणखी एक बघा. क्लॉकचा पल्स बारीक असो की जाड, आउटपुट चालू आणि बंद सारख्याच वेळासाठी राहतो. कारण तो एजपासून एजपर्यंतचा वेळ मोजतो, पल्सची जाडी नाही. फेऱ्या मात्र एकसारख्या हव्यात.

सोल्डरगंध:

ताई, हे मस्त समजलं. पण एका व्हिडिओत क्यू ऐवजी क्यूबार पुढच्या क्लॉकला दिलेला पाहिला. कोणतं बरोबर?

मनीषा_ईटीसी:

भागायचंच असेल तर दोन्ही. क्यू आणि क्यूबार दोघांची फ्रिक्वेन्सी एकच, फक्त एक वर असताना दुसरा खाली.

फरक पडतो तो आकडा वाचायचा असेल तेव्हा. वरच्या तक्त्यात दुसरा क्यू आणि पहिला क्यू शेजारी ठेवून वाचा: ००, ११, १०, ०१, पुन्हा ००. शून्य, तीन, दोन, एक, म्हणजे उलटी मोजणी. वर जाणाऱ्या एजवर उलटणाऱ्यांना क्यू ने जोडलं की असं होतं, क्यूबारने जोडलं की सुलटी मोजणी मिळते. ४०६० खाली येणाऱ्या एजवर पुढे सरकतो, म्हणून त्याची साखळी क्यू ने जोडूनही सुलटी मोजते.

अर्धा_अँपियर:

सगळं ठीक, पण माझ्या उशिराच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. डेटाशीटमध्ये स्पष्ट आहे, ५ व्होल्टला एका पायरीपासून पुढच्या पायरीला साधारण १०० नॅनोसेकंद. पहिल्या काही पायऱ्यांचे वेगळे. हे सगळे साचतात की नाही?

जुना_रेडिओवाला:

साचतात. तुमचं तेवढं शंभर टक्के खरं. क्यू १४ चा एज क्रिस्टलच्या एजनंतर दीड-दोन मायक्रोसेकंदांनी येतो.

पण तो दर वेळी तेवढ्याच उशिराने येतो. आजचा ठोका दीड मायक्रोसेकंद उशिरा, उद्याचाही दीड मायक्रोसेकंद उशिरा, मग दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलेल? रोजची एसटी फाट्यावर दहा मिनिटं उशिरा येत असेल तरी दोन दिवसांच्या गाड्यांमध्ये चोवीस तासच असतात. उशीर आपल्या वाट्याला एकदाच येतो, दर फेरीला वाढत नाही.

ज्याला सगळ्या पायऱ्या एकाच क्षणी वाचायच्या आहेत त्याला हा उशीर छळतो. समजा चार पायऱ्यांचा आकडा ०१११ वरून १००० होणार आहे. आधी शेवटचा बिट उलटतो, मग त्याच्यामुळे दुसरा, मग तिसरा. तोपर्यंत मध्ये क्षणभर ०११०, ०१००, ०००० असे खोटे आकडे दिसून जातात. तुम्ही या चार पिनांवर गेट लावून ‘शून्य आलं की रीसेट’ असं केलं असेल, तर तो गेट त्या खोट्या शून्यावरही दचकतो आणि काउंटर अवेळी रीसेट होतो. मायक्रोसेकंदापेक्षाही लहान काटा असतो तो, एलईडीवर दिसत नाही, स्कोपवरही ट्रिगर नीट लावला तरच सापडतो. अशा ठिकाणी सिंक्रोनस काउंटर घ्यायचा. नुसता शेवटचा पाय वापरून ठोका घ्यायचा असेल तर रिपल चालतं.

अर्धा_अँपियर:

म्हणजे उशीर आहे, पण इथे त्याची फिकीर नाही. हे मान्य. तरी मायक्रोकंट्रोलरवर माझं मत बदललेलं नाही.

जुना_रेडिओवाला:

बदलू नका, त्यालाही शेवटी हाच क्रिस्टल लावाल. आणि त्याच्या आतही पहिलं काम निम्मं-निम्मं करणारी साखळीच करते.

चौदाच पायऱ्या का, हा प्रश्न राहिलाच. ४०६० खास घड्याळासाठी बनवलेला नाही, तो सर्वसाधारण ऑसिलेटर आणि काउंटर आहे. सोळा पायांत ऑसिलेटरला तीन, रीसेटला एक, सप्लायला दोन गेले की उरतात दहा. म्हणून तर पहिल्या तीन पायऱ्या आणि क्यू ११ बाहेर काढलेलेच नाहीत. क्यू १० वर ३२ हर्ट्झ आणि त्यानंतर एकदम क्यू १२ वर ८. नवखी मंडळी इथे चौपट फरक बघून आयसी खराब समजतात.

बाय द वे, पहिलं बाजारात आलेलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सायकोचं ॲस्ट्रॉन, १९६९ च्या डिसेंबरातलं. त्यात क्रिस्टल ८१९२ हर्ट्झचा होता, म्हणजे दोनचा तेरावा घात. तिथे तेरा पायऱ्यांत सेकंद मिळायचा. नंतर ३२७६८ रुळला. क्रिस्टल लहान करता आला, आणि तो कानाला ऐकू येण्यापलीकडचा आहे.

सोल्डरगंध:

काका, कानावरून आठवलं. माझ्याकडे स्कोप नाही. साखळी मध्येच कुठे तुटली असेल तर शोधायची कशी? क्रिस्टलच्या पायाला मीटर लावला की ठोकाच थांबतो.

जुना_रेडिओवाला:

पिन १० आणि ११ ला हात लावूच नकोस. तिथे १० मेगओहमचा रेझिस्टर बसलेला असतो आणि तुझ्या मीटरचा इनपुटही १० मेगओहमचा, ऑसिलेटरचं बायसच ढळतं. शिवाय प्रोबच्या कपॅसिटन्सने फ्रिक्वेन्सीही सरकते.

पिन ७ पासून सुरुवात कर. तो क्यू ४, तिथे सोळाव्या भागाचे २०४८ हर्ट्झ. मीटरवर हर्ट्झची रेंज असेल तर आकडाच दिसेल. नसेल तर पिझोची चकती घे, एक टोक ग्राउंडला आणि दुसरं १ के मधून पिन ७ ला. चांगली शिट्टी ऐकू येते. मग पिन ५ वर जा, तिथे १०२४, बरोबर एक सप्तक खाली. पिन ४ वर ५१२, आणखी एक सप्तक खाली. मग पिन ६ वर २५६. ज्याला थोडाफार सूर कळतो त्याला आकडे लागतच नाहीत, तोच सूर खाली-खाली उतरत गेला पाहिजे. क्यू १० च्या पिन १५ वर सूर संपून नुसती टरटर उरते, क्यू १२ पासून मोजता येण्यासारखी टकटक. जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये हेच करत, वरच्या सप्तकाचे बारा सूर तयार करायचे आणि खालची सप्तकं अशाच साखळ्यांमधून पाडायची.

सूर दोन पिनांमध्ये सप्तकाऐवजी भलताच उतरला, तर मधली वायर चुकीच्या पिनेला आहे. कारण ४०६० मध्ये पिना ओळीने नाहीत, क्यू ४ ते क्यू ७ साठी क्रम ७, ५, ४, ६ असा आहे. पिन ७ वरच शांतता असेल तर ऑसिलेटर चालू झालेला नाही. तिथे बघ की पिन १० आणि क्रिस्टलच्या मध्ये तीनेकशे के चा रेझिस्टर आहे का, आणि पिन १२ चा रीसेट ग्राउंडला आहे का. तो मधला रेझिस्टर गाळू नकोस. या क्रिस्टलला फार कमी जोर सोसतो, थेट जोडलास तर त्याचं आयुष्य घटतं.

घड्याळ्या:

वाचतोय मजेत. माझं थोडं वेगळं आहे. भिंतीवरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळाचं सर्किट मेलं, काटे आणि कॉइल ठणठणीत. म्हटलं आपला १ हर्ट्झ देऊ. अगदी हेच ४०६० आणि ४०१३ केलं, ट्रान्झिस्टरमधून कॉइलला दर सेकंदाला झटका दिला. सेकंद काटा जागेवर थरथरतो, पुढे जात नाही. व्होल्टेज वाढवलं तर जोरात थरथरतो. १ हर्ट्झ पक्का आहे, एलईडीवर बघितला.

मनीषा_ईटीसी:

तुमचा १ हर्ट्झ बरोबर आहे, पण कॉइलला तो नकोय. त्या मोटरीचा रोटर म्हणजे एक छोटासा दोन ध्रुवांचा चुंबक. एका झटक्याला तो अर्धी फेरी फिरतो. पुढच्या अर्ध्या फेरीसाठी करंट उलट्या दिशेने जायला लागतो. तुम्ही दर वेळी त्याच दिशेने ढकलताय, म्हणून तो ओढला जातो आणि तिथेच हिसका खाऊन बसतो.

म्हणजे एक सेकंद सुलटा झटका, एक सेकंद उलटा. ही फेरी दोन सेकंदांची, ०.५ हर्ट्झ. इथे तुम्हाला आणखी एक टी पायरी हवी, आणि ती ४०१३ च्या दुसऱ्या भागात रिकामीच पडलीय. पिन १ वरून पिन ११ ला क्लॉक, पिन १२ वरून पिन ९ ला फीडबॅक, ८ आणि १० ग्राउंडला. आता पिन १३ आणि पिन १२ एकमेकांच्या उलट असतात आणि दर सेकंदाला अदलाबदल करतात. कॉइल या दोघांच्या मध्ये लावली की दिशा आपोआप उलटत राहते.

नुसती कॉइल लावलीत तर सेकंदभर करंट वाहत राहील, मोटरीला तर तीसेक मिलिसेकंदांचा झटका पुरतो. म्हणून कॉइलसोबत एक कपॅसिटर ओळीत टाका. अदलाबदल झाली की तो क्षणभर करंट जाऊ देतो आणि भरला की अडवतो. पोलॅरिटी नसलेला घ्या, किंवा दोन इलेक्ट्रोलायटिक पाठीला पाठ लावून.

अर्धा_अँपियर:

थांबा थांबा. ४०१३ च्या पायातून कॉइल चालवणार? वर २.१ व्होल्टची गोष्ट झाली ती विसरलात का? त्यात पिन १२ वरूनच डी ला फीडबॅक आहे. कॉइलने पिन १२ खाली ओढली की डी ला मधलंच काहीतरी दिसेल आणि पुढच्या एजला तो उलटेल की नाही सांगता येत नाही.

जुना_रेडिओवाला:

या वेळी अर्धा_अँपियर पुरे बरोबर आहेत. एज येतो सेकंदाने, तोवर कपॅसिटर भरलेला असतो, म्हणून कदाचित निभावेलही. पण कदाचितवर घड्याळ चालवू नये. मध्ये ७४एचसी०४ घाला. सहा इन्व्हर्टर असतात, तीन समांतर पिन १३ साठी, तीन पिन १२ साठी. कॉइल आणि कपॅसिटर त्यांच्या पलीकडे. मग ४०१३ ला काहीच ओढ जाणवत नाही.

घड्याळ्या:

आज केलं. ७४एचसी०४ आणि ४७ मायक्रोफॅरड. काटा चालतो! पण पंधरा-वीस ठोक्यांत एखादा चुकवतो. ओळीत १ के टाकलाय. मीटरवर कॉइल २८० ओहम दाखवते.

जुना_रेडिओवाला:

१ के थोडा कमी करून बघा, ६८० वगैरे. पण काटा उभा चढताना चुकतोय की कुठेही, ते आधी पाहा. नऊच्या बाजूला चुकत असेल तर जोर कमी पडतोय. कुठेही चुकत असेल तर झटका लांब पडतोय आणि रोटर परत मागे येतोय, मग कपॅसिटर लहान करा.

सोल्डरगंध:

माझा शेवटचा प्रश्न. हे घड्याळ वेळ किती पाळेल? पंधरा वेळा भागताना चूक पंधरा पट वाढत तर नाही ना?

मनीषा_ईटीसी:

नाही. भागल्यावर टक्केवारी बदलत नाही. क्रिस्टल दहा लाखांत वीसने चुकत असेल तर सेकंदही दहा लाखांत वीसनेच चुकेल. दिवसाचे ८६४०० सेकंद, त्याचे वीस दशलक्षांश म्हणजे १.७ सेकंद. महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर.

आणि तुम्ही अकोल्याचे. हा क्रिस्टल २५ अंशांसाठी कापलेला असतो. त्यापेक्षा थंडी असो की ऊन, तो हळूच होतो, आणि फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात. खोली ४० अंशांवर गेली तर पंधराचा वर्ग २२५, गुणिले ०.०३४, साधारण साडेसात दशलक्षांश. दिवसाला आणखी ०.६ ते ०.७ सेकंद मागे. मे महिन्यात ते दिसेल.

सोल्डरगंध:

ट्रिमर कपॅसिटर लावून पिन ७ वर २०४८ आणला तर?

मनीषा_ईटीसी:

साध्या मीटरच्या हर्ट्झ रेंजवर नका विसंबू. मीटर ०.१ टक्का बरोबर असला तरी ते दहा लाखांत हजार झालं, आणि आपण वीसबद्दल बोलतोय. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या भारतीय प्रमाण वेळेशी ठोका जुळवा, दहा दिवस सोडून द्या आणि पुन्हा बघा. दहा दिवसांत एक सेकंद म्हणजे साधारण १.२ दशलक्षांश. मीटरने हे कधीच दिसणार नाही.

अर्धा_अँपियर:

आणि उन्हाळ्यात जुळवलं तर हिवाळ्यात पुढे जाईल. तापमान सांभाळणारा डीएस३२३१ लावा, त्याच्यातून १ हर्ट्झ थेट मिळतो, ४०६० ही नको आणि ४०१३ ही नको.

जुना_रेडिओवाला:

त्याला ठोका कसा तयार होतो हे बघायचंय हो. घड्याळ मॉलमध्येही मिळतं.

घड्याळ्या:

६८० केला. आता नऊ ते बाराच्या मध्येच चुकतो, बाकी कुठे नाही. अजून कमी करू की सेकंद काटाच काढून टाकू?